“उद्या” म्हणजे नक्की कधी? – अपॉइंटमेंटच्या मेसेजची गोष्ट

आज औषधांबद्दल किंवा आजाराबद्दल लिहिणार नाही. आज लिहिणार आहे ते आमच्याच हॉस्पिटलमधून जाणाऱ्या एका मेसेजबद्दल. तपासणीची तारीख ठरली की तुमच्या मोबाइलवर जो निरोप येतो ना, तोच. तुम्ही म्हणाल, त्यात डॉक्टरांनी लेख लिहिण्यासारखं काय आहे? मलाही जून २०२४ पर्यंत तसंच वाटत होतं.

बुधवार होता. सकाळचे पावणेदहा वाजले असतील. मी राउंड संपवून खाली येत होतो, तेवढ्यात रिसेप्शनवरच्या ताईंनी हाक मारली, “डॉक्टर, जरा इकडे या, आजींना बरं वाटत नाहीये.” बाकावर सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. चेहरा घामाने डबडबलेला, हात थरथरत होते, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर भलतंच देत होत्या. सोबत कुणीच नव्हतं. हातातल्या पिशवीत आमच्याच हॉस्पिटलची फाइल होती. फाइलवर लिहिलेलं दिसलं : मधुमेह, दहा वर्षं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघितली. ५२.

मधुमेहाच्या माणसाची साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची, आणि ५४ च्या खाली गेली तर लगेच हालचाल करायची. आजी शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तर ८१ झाली होती. मग बिस्किटं, मग चहा-पोळी. त्या घेत असलेल्या गोळीचा असर बरेच तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना दुपारपर्यंत झोपवून ठेवलं आणि दर तासाला साखर बघितली.

आजी भानावर आल्यावर मी विचारलं, “आजी, अशा उपाशी कशाला आलात?”

“तुमीच तर बोलावलं,” आजी म्हणाल्या. “पोटात दुर्बीण घालायची, उपाशी या म्हणून फोनवर लिवून पाठवलं.”

“पण ती तपासणी काल होती, आजी. मंगळवारी.”

“काल कशी? पोरगं वाचून म्हणालं, उद्या हाय म्हणून.”

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

झालं काय होतं?

आजींची एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून जठर बघायची तपासणी, मंगळवारी ११ जूनला ठरली होती. आमच्याकडे ही तपासणी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होते. आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी पाच वाजता, कॉम्प्युटरवरून नेहमीचा मेसेज गेला. नोंदवलेला नंबर होता आजींच्या मुलाचा. तो चाकणला कारखान्यात कामाला. दुसऱ्या पाळीत फोन लॉकरमध्ये. त्याने मेसेज रात्री साडेअकराला पाहिला आणि लगेच गावातल्या शेजाऱ्याच्या फोनवर पुढे ढकलला. शेजाऱ्याच्या मुलाने तो मंगळवारी सकाळी आठ वाजता वाचला आणि आजींना सांगितलं, “आजी, उद्या नऊ वाजता बोलावलंय.”

पोराचं काय चुकलं? काहीच नाही. मेसेजमध्ये “उद्या” असंच लिहिलं होतं. पुढे ढकललेल्या मेसेजवर तो ढकलल्याची वेळ दिसते, मूळ मेसेज कधी निघाला ते दिसत नाही. सोमवारी लिहिलेलं “उद्या” मंगळवारी वाचलं की त्याचा बुधवार होतो.

तो मेसेज मी त्याच दुपारी काढून पाहिला. गेली चार वर्षं माझ्या नावाने जात होता, आणि मी तो आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचला. असा होता :

> नमस्कार! आमच्या रुग्णालयावर विश्वास दाखवल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपणांस कळविण्यात आनंद होतो की, आपली एन्डोस्कोपी तपासणी उद्या ९ वाजता निश्चित झाली असून १२ नंतर काहीही खाऊ-पिऊ नये. अर्धा तास आधी उपस्थित राहावे. येताना सर्व जुनी कागदपत्रे व आवश्यक वस्तू सोबत आणाव्यात. नेहमीची औषधे चुकवू नयेत. कृपया वेळेचे पालन करून सहकार्य करावे. धन्यवाद.

भाषा किती अदबीची! पण आजींच्या जागी बसून वाचा. तारीख नाही. पत्ता नाही. आमचा जुना दवाखाना बाजारपेठेत आहे आणि नवी इमारत एस.टी. स्टँडसमोर. आजी आधी बाजारपेठेत गेल्या, तिथून उन्हात चालत इकडे आल्या. आणि “नेहमीची औषधे चुकवू नयेत” हे वाक्य रक्तदाबाच्या गोळीसाठी लिहिलेलं होतं. आजींनी ते साखरेच्या गोळीलाही लावलं. पहाटे सहाला, रात्रीपासून पोटात काही नसताना, साखर उतरवणारी गोळी घेतली आणि एस.टी.त बसल्या.

म्हणजे त्या सकाळी आजींनी आमचं अक्षरन्‌अक्षर पाळलं होतं. म्हणूनच त्या घामाघूम होऊन बाकावर बसल्या होत्या.

बाकावरची परीक्षा

दुसऱ्या दिवशी मी एक साधा प्रयोग केला. तो मेसेज मोठ्या अक्षरात छापून घेतला आणि ओपीडीबाहेर बसलेल्या दहा-बारा जणांना आळीपाळीने दाखवला. दहा सेकंद बघायचा, मग कागद परत घ्यायचा आणि चार प्रश्न विचारायचे : कधी यायचं? किती वाजता? कुठे? काय आणायचं?

मजा बघा. एक निवृत्त गुरुजी होते, त्यांनी मेसेज खणखणीत वाचला आणि कागद परत घेतल्यावर म्हणाले, “विश्वास दाखवल्याबद्दल आभार मानलेत तुम्ही.” दहा सेकंद आभारातच संपले होते. वेळेबद्दल कुणी नऊ म्हणालं, कुणी साडेआठ, एक ताई म्हणाल्या साडेनऊ. “१२ नंतर खाऊ नये” याचा अर्थ एका काकांनी दुपारी बारा असा घेतला. म्हणजे ते सकाळी भरपेट नाश्ता करून आले असते. “आवश्यक वस्तू” म्हणजे काय, असं विचारल्यावर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. आणि कुठे यायचं, या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर : “इथेच की!” मेसेजमध्ये ते नव्हतंच.

चार प्रश्नांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर आमच्या मेसेजमधून सरळ मिळत नव्हतं. मग ताईंना घेऊन बसलो आणि त्याच चार प्रश्नांच्या चार ओळी करायच्या ठरवल्या. वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे. तीन आठवडे लागले. प्रत्येक ओळीत काही ना काही दडलेलं निघालं.

पहिली ओळ : तारीख

पहिला नियम सोपा झाला. “उद्या”, “परवा”, “आज रात्री”, “येत्या शुक्रवारी”, “पुढच्या शुक्रवारी” हे सगळे शब्द बाद. हे शब्द समोरासमोर बोलताना ठीक. लिहून पाठवलेल्या निरोपात ते वाचणाऱ्याच्या दिवसाप्रमाणे बदलतात. शिवाय बुधवारी “पुढचा शुक्रवार” म्हटलं तर निम्मे लोक परवाचा धरतात आणि निम्मे त्यानंतरचा.

दुसरा नियम : वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, आणि महिना अक्षरात. नुसतं ११/६ लिहिलं तर आपण ते अकरा जून वाचतो, पण कॉम्प्युटरची मांडणी परदेशी पद्धतीची असेल तर महिना आधी छापला जातो आणि ६/११ होतं. ते वाचून माणूस सहा नोव्हेंबर समजला तर त्याला दोष कसा द्यायचा? “मंगळवार, ११ जून २०२४” यात अशी गफलत होत नाही.

वार आणि तारीख दोन्ही असण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो आमच्या चुकीसाठी आहे. आमच्याकडून एखादी तारीख चुकीची टाइप झाली, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो वार जुळत नाही. मग रुग्ण फोन करून विचारतो, “अहो, बारा तारखेला तर बुधवार आहे, तुम्ही मंगळवार लिहिलंय, नक्की कधी येऊ?” दोन महिन्यांत असे दोन फोन आले. दोन्ही वेळा चूक आमचीच होती : तारीख बदलताना ताईंनी आकडा बदलला, वार जुनाच राहिला.

आणि तारीख बदलली तर? आधी आम्ही नुसता नवा मेसेज पाठवायचो. फोनमध्ये दोन मेसेज दिसायचे, दोन तारखांचे. कोणता खरा? आता पहिलीच ओळ अशी असते : “तारीख बदलली. ११ जून रद्द. आता शुक्रवार, १४ जून.”

दुसरी ओळ : वेळ

जुन्या मेसेजमध्ये खरं तर तीन वेळा होत्या : तपासणीची नऊ, त्याआधीचा अर्धा तास, आणि बारा. रुग्णाला गणित घालायचं नाही हे आम्ही ठरवलं. तपासणी किती वाजता सुरू होते हे माझं वेळापत्रक आहे. रुग्णाला हवी आहे ती एकच वेळ : दारात कधी पोहोचायचं. म्हणून आता एकच वेळ लिहितो, आणि ती “पोहोचा” या शब्दासकट.

सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हा शब्द प्रत्येक वेळेआधी लावायचा. बारा हा आकडा शक्यतो वापरायचाच नाही. “सोमवारी रात्री १२ नंतर” म्हणजे सोमवार संपतानाची रात्र की सुरू होतानाची, यावर आमच्या नर्सेसमध्येच वाद झाला! म्हणून आम्ही “सोमवार, १० जून, रात्री १० नंतर काही खाऊ नका” असं लिहायला लागलो. गावाकडे दहाच्या आत जेवणं उरकतातच, त्यामुळे त्रास कुणाला झाला नाही.

एक गोष्ट मात्र मला शेजाऱ्यांच्या नातवाने शिकवली. इंग्रजी शाळेत जाणारी मुलं घरात आजी-आजोबांना मेसेज वाचून दाखवतात, आणि त्यांना मराठी आकड्यांची सवय नसते. मराठी ४ त्यांना इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी नऊसारखा. त्या नातवाने “११ जून” हे “नव्व्याण्णव जून” असं वाचलं आणि स्वतःच हसला. पण “खोली ४” त्याने बिनदिक्कत “खोली आठ” वाचली. तेव्हापासून वेळेच्या आकड्यापुढे आम्ही अक्षरातही लिहितो : ८:३० (साडेआठ). खोलीचंही तसंच.

तिसरी ओळ : ठिकाण

हॉस्पिटलचं नाव लिहिलं म्हणजे पत्ता झाला असं आम्हाला वाटायचं, कारण आम्ही रोज तिथेच असतो. आमच्यासारखी दोन ठिकाणं असली की नाव पुरत नाही. मग काय लिहायचं? रिक्षावाल्याला सांगता येईल एवढं. “नवी इमारत, एस.टी. स्टँडसमोर” हे ऐकून गावातला कुठलाही रिक्षावाला आणून सोडतो. आत आल्यावर लागतो मजला आणि खोली. आणि दुसरं ठिकाण सरळ नाकारायचं : “बाजारपेठेतल्या दवाखान्यात नाही.” ज्यांनी मला वर्षानुवर्षं तिथेच दाखवलं आहे, त्यांचे पाय सवयीने तिकडेच वळतात.

नकाशाची लिंक आम्ही देतो, पण सगळ्यात शेवटी. ती असली म्हणून लिहिलेला पत्ता गाळत नाही. साध्या बटणांच्या फोनवर लिंक उघडत नाही, आणि वाचून दाखवणाऱ्याला लिंक वाचता येत नाही.

चौथी ओळ : काय आणायचं

“सर्व जुनी कागदपत्रे” म्हटलं की लोक दोन टोकं गाठतात. कुणी १९९८ पासूनची पिशवी आणतं, कुणी काहीच नाही. आम्ही ठरवलं, चारच गोष्टी, आकडे घालून, आणि प्रत्येक गोष्ट अशी की घरातून उचलून पिशवीत टाकता आली पाहिजे. “औषधांची माहिती” पिशवीत टाकता येत नाही, “चालू गोळ्यांची पाकिटं” टाकता येतात. पाकिटावर नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, म्हणून ती चिठ्ठीपेक्षा बरी. चौथी गोष्ट खरं तर वस्तू नाही, माणूस आहे. एन्डोस्कोपीआधी झोपेचं इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी रुग्णाने गाडी चालवायची नसते आणि एकट्याने घरी जायचं नसतं. सोबत कुणी नसेल तर ते इंजेक्शन देता येत नाही, कधी तपासणीच पुढे ढकलावी लागते. ही ओळ जुन्या मेसेजमध्ये नव्हती, म्हणून आजी एकट्या आल्या होत्या.

“आणा” वेगळं, “करा” वेगळं

आमची सगळ्यात मोठी चूक होती काय आणायचं आणि आधी काय करायचं हे एकाच परिच्छेदात कोंबणं. आता चार ओळींनंतर एक रिकामी ओळ सोडतो आणि मग तयारी लिहितो. तयारीत गोळ्यांची नावं न घेता “नेहमीची औषधे” असं मोघम लिहायचं नाही. शेवटी मेसेज असा झाला :

> (रुग्णाचं नाव) – मंगळवार, ११ जून २०२४
> सकाळी ८:३० (साडेआठ) ला पोहोचा
> कुठे : नवी इमारत, एस.टी. स्टँडसमोर, पहिला मजला, खोली ४ (चार). बाजारपेठेतल्या दवाखान्यात नाही.
> आणा : १) जुने रिपोर्ट २) चालू गोळ्यांची पाकिटं ३) आधार कार्ड ४) सोबत एक मोठं माणूस
>
> तयारी
> सोमवार, १० जून, रात्री १० नंतर खाऊ नका.
> मंगळवारी सकाळी ६:३० (साडेसहा) पर्यंत साधं पाणी चालेल. चहा-दूध नाही.
> मंगळवारी सकाळी साखरेची गोळी घेऊ नका, सोबत आणा. इन्सुलिन घेत असाल तर आधी फोन करा.
> बी.पी.ची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या.
>
> यायला जमणार नसेल तर किंवा काही शंका असेल तर : (फोन नंबर)

तुमच्या लक्षात आलं असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा यात उल्लेख नाही. तो मुद्दाम टाळला आहे. ती गोळी थांबवायची की नाही, आणि थांबवायची तर किती दिवस आधी, हे रुग्णागणिक बदलतं, आणि काही रुग्णांत ती थांबवणं जास्त धोक्याचं असतं. ते तारीख ठरवतानाच, समोर बसवून ठरतं. आदल्या दिवशीच्या मेसेजचं ते काम नाही. कुणीही ती गोळी मेसेज वाचून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नये.

आणखी एक गोष्ट गाळली : तपासणीचं नाव. फोन न उघडताही मेसेजची पहिली एक-दोन ओळ स्क्रीनवर दिसते, आणि आजींचा मेसेज किती हातांतून गेला ते तुम्ही वाचलंच. कोण कुठली तपासणी करून घेतंय हे शेजाऱ्याला कळायची गरज नाही. पहिल्या दोन ओळींत नाव, तारीख आणि वेळ दिसली की काम झालं. म्हणूनच नमस्कार आणि आभारही गेले. ताईंना वाईट वाटलं, “उद्धट नाही का वाटणार?” आजवर कुणीही तशी तक्रार केलेली नाही.

ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांचं काय?

त्यांना एस.एम.एस. जातो, आणि तिथे जागेची अडचण आहे. इंग्रजीत एका एस.एम.एस.मध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत फक्त ७०. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. “मंगळवार” हा आपल्याला पाच अक्षरांचा शब्द, फोनच्या हिशेबाने सात. सत्तरच्या पुढे गेलं की एकाचे दोन एस.एम.एस. होतात आणि खर्च दुप्पट. आम्ही बसून हे जमवलं :

> मंगळ ११ जून, सकाळी ८:३०. नवी इमारत, एसटी स्टँडसमोर. रिपोर्ट-गोळ्या आणा

बरोबर सत्तर. पण यात रुग्णाचं नाव नाही आणि उपाशी राहण्याबद्दल काही नाही. म्हणून ही फक्त आठवण समजायची. उपाशी राहायची तपासणी असेल तर आम्ही दोन एस.एम.एस.चा खर्च करतो, किंवा सरळ फोन करतो. काही जुन्या फोनवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, त्यांना फोन करण्यावाचून इलाजच नाही.

फोन करतानाही ताई त्याच क्रमाने सांगतात : कधी, किती वाजता, कुठे, काय आणायचं, मग तयारी. आणि शेवटी “समजलं ना?” असं विचारत नाहीत, कारण त्यावर सगळेच “हो” म्हणतात. त्या विचारतात, “आजी, आता मला सांगा, तुम्ही कधी येणार आणि सकाळी कुठली गोळी घेणार नाही?” चूक असेल तर ती तिथल्या तिथे कळते. ज्यांना वाचता येत नाही, पण घरात व्हॉट्सअ‍ॅप आहे, त्यांना ताई स्वतःच्या आवाजात हेच बोलून पाठवतात. पुढे ढकलला तरी तो आवाज तारखेसकटच जातो.

मेसेज जायची वेळही बदलली. तारीख ठरली की लगेच पूर्ण मेसेज, आणि आदल्या दिवशी सकाळी अकराला तोच मेसेज पुन्हा, शब्दही न बदलता. पाच वाजता पाठवला आणि घरच्यांनी रात्री पाहिला, तर तोवर जेवण होऊन गेलेलं असतं.

याने सगळं सुटलं का?

नाही. एस.टी. चुकते, शेतात काम निघतं, सोबत यायला कुणी मिळत नाही. यावर मेसेज काही करू शकत नाही. मुलाचा नंबर नोंदवला आणि मुलाने मेसेज पाहिलाच नाही, तर मांडणी कितीही चांगली असो, उपयोग शून्य. म्हणून आता आम्ही तारीख ठरवताना विचारतो, “हा मेसेज घरात कोण वाचणार?” आणि त्याचा नंबरही घेतो. तरीही, चुकीच्या दिवशी, चुकीच्या इमारतीत किंवा नाश्ता करून आलेला माणूस आता क्वचित दिसतो. आला तर आम्ही त्याच्याकडून मेसेज मागून घेतो आणि कुठली ओळ चुकली ते बघतो.

आजींची तपासणी त्याच आठवड्यात, शुक्रवारी १४ जूनला झाली. दोन महिने पोटात दुखत होतं, हिमोग्लोबिन ८.४ वर आलं होतं, म्हणूनच ती ठरवली होती. जठरात व्रण सापडला. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या त्याच्या मुळाशी होत्या. व्रणाचा तुकडा तपासायला पाठवला, त्यात काही वावगं निघालं नाही. गोळ्या बंद केल्या, व्रणाचं औषध सुरू केलं, आता आजी बऱ्या आहेत. शुक्रवारच्या मेसेजला तोवर आजचं रूप आलेलं नव्हतं. ताईंनी तो माझ्या हाताखाली बसून हाताने टाइप केला होता, वार-तारखेसकट. सोबत मुलगा आला होता, रजा काढून.

आता तुमच्यासाठी. सगळीकडून असा मेसेज येईल असं नाही. पुढच्या वेळी कुठल्याही दवाखान्यातून, लॅबमधून किंवा सोनोग्राफी सेंटरमधून तारीख मिळाली, की फोन ठेवण्याआधी किंवा खिडकीपासून हलण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा : वार आणि तारीख, पोहोचायची वेळ, नेमकं ठिकाण, आणायच्या वस्तू. खाली पाचवी ओळ लिहा : आदल्या रात्री आणि त्या सकाळी खायचं काय, कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही. एखादी ओळ रिकामी राहिली, तर तिथेच विचारा. मधुमेह असेल आणि उपाशी यायला सांगितलं असेल, तर “सकाळची साखरेची गोळी घेऊ का?” हा प्रश्न विचारल्याशिवाय घरी जाऊ नका. आणि दुसऱ्यासाठी आलेला मेसेज पुढे पाठवणार असाल, तर त्यात “उद्या” दिसल्यास वर तारीख स्वतः लिहून मगच पाठवा.